दुकानाच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर: कोणत्या दुकानाला कोणता प्लॅन? बिलांची संख्या, वापरणारी माणसे, बँक जोडणी आणि सीएचा प्रवेश

अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिर रस्त्यावरच्या कपड्याच्या दुकानापासून उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधल्या घाऊक गाळ्यापर्यंत आणि बदलापूरच्या किराणा दुकानापर्यंत, वहीतला हिशेब आता मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर आला आहे. सॉफ्टवेअर विकणारा माणूस दुकानात येतो आणि तीन-चार प्लॅनचा तक्ता समोर ठेवतो. पहिला प्लॅन फुकट, दुसरा स्वस्त, तिसऱ्यावर ‘सर्वाधिक पसंती’चा शिक्का आणि चौथा महाग. बहुतेक दुकानदार दुसरा किंवा तिसरा घेतात. चार-सहा महिन्यांनी ऐन ईदच्या गर्दीत स्क्रीनवर ‘मर्यादा संपली’ असा संदेश येतो, किंवा जी सोय कधी वापरलीच नाही तिचे पैसे वर्षभर भरले जातात.

प्लॅनच्या तक्त्यात पन्नास ओळी असल्या तरी छोट्या दुकानासाठी चारच गोष्टी निर्णायक असतात: वर्षाला किती बिले फाडता येतात, किती माणसे वापरू शकतात, बँकेची माहिती आपोआप येते की हाताने भरावी लागते, आणि सीएला वेगळा प्रवेश मिळतो की नाही. या लेखात त्या चारही गोष्टी एकाच दुकानाच्या उदाहरणावर पाहू. दुकान काल्पनिक आहे, पण आकडे आपल्या भागातल्या कुठल्याही कपड्याच्या दुकानात सापडतील असेच आहेत.

उदाहरणाचे दुकान

शिवमंदिर रस्त्यावर रेडिमेड कपड्यांचे दुकान आहे. दोन भाऊ चालवतात. थोरला गल्ल्यावर बसतो, धाकटा माल आणतो आणि व्यापाऱ्यांची बिले सांभाळतो. हिशेबाचे काम रात्री घरी भाभी करतात. सीए कल्याणला बसतात आणि महिन्यातून एकदा हिशेब मागतात. वर्षाची विक्री साठ लाखांच्या आसपास, म्हणजे मालाच्या विक्रीसाठी असलेल्या ४० लाखांच्या मर्यादेपेक्षा जास्त, त्यामुळे जीएसटी नोंदणी आहे.

दुकान वर्षातून ३२५ दिवस उघडे असते. त्यातले २८० दिवस साधे, रोज सरासरी २२ बिले. उरलेले ४५ दिवस सीझनचे, म्हणजे रमजानचे ३० आणि दिवाळी-लग्नसराईचे १५, रोज सरासरी ८० बिले.

पहिली गोष्ट: बिलांची संख्या

सरळ गुणाकार करा. २८० गुणिले २२ म्हणजे ६,१६०. ४५ गुणिले ८० म्हणजे ३,६००. वर्षाची एकूण ९,७६० बिले.

आता एक प्रत्यक्ष तक्ता घेऊ. झोहो बुक्सच्या भारतातल्या प्लॅनमध्ये फुकट प्लॅन वर्षाला १,००० बिलांचा आहे आणि तो २५ लाखांपेक्षा कमी उलाढालीच्या धंद्यासाठी आहे. त्यावरचा स्टँडर्ड ५,००० बिलांचा आणि त्यावरचा प्रोफेशनल १०,००० बिलांचा. कंपन्या हे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून घेण्याच्या दिवशी त्यांच्या पानावर पुन्हा पाहून घ्यावे. आपल्या दुकानाचा आकडा ९,७६०, म्हणजे प्रोफेशनलमध्ये जेमतेम बसतो. एक सीझन जोरात गेला की तोही अपुरा.

पण इथे जीएसटी कायद्यातली एक सवलत उपयोगी पडते, आणि ती फार थोड्या दुकानदारांना ठाऊक असते. विक्री २०० रुपयांपेक्षा कमी असेल, गिऱ्हाईक जीएसटी नोंदणी नसलेले असेल आणि त्याने बिल मागितले नसेल, तर प्रत्येक विक्रीचे वेगळे बिल बनवणे बंधनकारक नाही. अशा सगळ्या विक्रीचे मिळून दिवसाच्या शेवटी एकच एकत्रित बिल बनवायचे.

आपल्या दुकानात रुमाल, मोजे, टोप्या, बनियन अशा २०० रुपयांखालच्या विक्रीची बिले साध्या दिवशी ८ आणि सीझनमध्ये २० असतात. ती वेगळी काढली तर साध्या दिवशी २२ पैकी १४ बिले उरतात आणि एक एकत्रित, म्हणजे १५. सीझनच्या दिवशी ६० आणि एक, म्हणजे ६१. आता २८० गुणिले १५ म्हणजे ४,२०० आणि ४५ गुणिले ६१ म्हणजे २,७४५. एकूण ६,९४५. म्हणजे कायद्यात राहूनच जवळपास २,८०० बिले कमी झाली. प्रोफेशनल प्लॅनमध्ये आता आरामात जागा आहे.

ही सवलत वापरताना दोन गोष्टींची काळजी घ्या. पहिली, एकत्रित बिलात ‘किरकोळ विक्री ९४० रुपये’ अशी एकच ओळ टाकू नका. मालाचे नाव आणि नग टाका, नाहीतर दुकानात रुमाल संपलेले असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये शंभर शिल्लक दिसतात. त्यासाठी गल्ल्याजवळ एक छोटी चिठ्ठी ठेवून दिवसभर रेघा मारल्या तरी पुरते. दुसरी, ५०० रुपयांच्या खरेदीचे तीन तुकडे करून ती २०० खाली दाखवू नका. ती सवलत नाही, गुन्हा आहे.

वर्षाची मर्यादा की महिन्याची?

काही कंपन्या मर्यादा वर्षाची सांगतात, काही महिन्याची. वरच्या दुकानाची वर्षाची ६,९४५ बिले बाराने भागली तर महिन्याला ५७९ येतात. विकणारा म्हणतो, “भाईजान, हा महिना हजार बिलांचा प्लॅन घ्या, तुम्हाला जवळपास दुप्पट आहे.” ऐकायला बरोबर वाटते. पण रमजानच्या महिन्यात ३० गुणिले ६१ म्हणजे १,८३० बिले होणार. प्लॅन पहिल्या पंधरा-सतरा रोज्यांतच संपतो, आणि खरी खरेदी तर शेवटच्या अशऱ्यात असते. महिन्याची मर्यादा असेल तर सरासरीने प्लॅन निवडू नका. वर्षातला सर्वांत गर्दीचा महिना कोणता ते पाहून निवडा.

वर्षाची मर्यादा असली तरी ‘वर्ष’ म्हणजे काय हे विचारा. एप्रिल ते मार्च, की पैसे भरल्याच्या तारखेपासून बारा महिने? ईदच्या सीझनवर चालणाऱ्या दुकानाला हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. रमजान दर इंग्रजी वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२४ साली रमजान ईद ११ एप्रिलला होती आणि २०२५ साली ३१ मार्चला. म्हणजे २०२४-२५ या एकाच आर्थिक वर्षात दोन ईदी आल्या: एप्रिलच्या सुरुवातीचे शेवटचे दहा रोजे आणि पुढच्या मार्चमधला अख्खा रमजान. आपल्या दुकानात त्या दहा जादा दिवसांत रोज ४६ बिले जास्त धरली तरी ४६० बिले वाढतात आणि आकडा ७,४०५ वर जातो. प्लॅन ७,००० चा असता तर चाँदरातीच्या आधीच संपला असता. पैसे भरल्याच्या तारखेपासून वर्ष मोजले जात असेल तर ती तारीख रमजानच्या मधोमध पडू देऊ नका. तशी पडली तर एका वर्गणीत दोन रमजानचे तुकडे येतात.

मर्यादा मध्येच संपली तर काय होते? बहुधा जुना हिशेब दिसत राहतो, पण नवे बिल बनत नाही. अशा वेळी दुकानदार छापील बिलबुक काढतो आणि १ नंबरपासून सुरू करतो. हातबिल चालते, कारण कायदा एकापेक्षा जास्त क्रमांक-मालिका ठेवू देतो. पण प्रत्येक मालिका सलग हवी, आर्थिक वर्षात एकही क्रमांक दोनदा येता कामा नये आणि क्रमांक १६ अक्षरांपेक्षा लांब नको. म्हणून हातबिलाला सुरुवातीपासूनच वेगळे अक्षर द्या. जीएसटीआर-१ मध्ये दिलेल्या बिलांचा तक्ता असतो, त्यात प्रत्येक मालिकेचा पहिला व शेवटचा क्रमांक आणि रद्द बिलांची संख्या भरावी लागते. तिथे ही हातबिलेही आली पाहिजेत. चुकलेले बिल पुसून टाकू नका, रद्द करा. पुसले तर मालिकेत भोक पडते आणि चौकशी झाली तर त्याचे उत्तर देता येत नाही.

बिले विनाकारण वाढण्याचे आणखी एक कारण उधारी. गिऱ्हाईकाने मागच्या महिन्यात १,२०० चा माल नेला, तेव्हा बिल झाले. आज तो ५०० देऊन गेला. गल्ल्यावरचा मुलगा ५०० चे नवे बिल फाडतो. इथे बिल नको, पावती हवी. नव्या बिलाने विक्री ५०० ने फुगते, त्यावर कर लागतो, प्लॅनमधले एक बिल खर्च होते आणि जुनी उधारी तशीच दिसत राहते. वर्षाच्या शेवटी विक्री गल्ल्यापेक्षा जास्त दिसत असेल तर आधी इथे शोधा.

दुसरी गोष्ट: किती जण वापरणार

प्लॅनमध्ये ‘१ युजर’, ‘३ युजर’ लिहिलेले असते, पण प्रत्येक कंपनीचा युजर वेगळा असतो. ढगावर चालणाऱ्या, म्हणजे इंटरनेटवरून उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये युजर म्हणजे वेगळे नाव आणि पासवर्ड असलेला माणूस. झोहो बुक्सच्या स्टँडर्डमध्ये असे तीन आणि प्रोफेशनलमध्ये पाच बसतात. मोबाईलवरच्या बिलिंग ॲपमध्ये बऱ्याचदा माणसे नव्हे, उपकरणे मोजली जातात. एक मोबाईल आणि एक कॉम्प्युटर म्हणजे दोन, जरी दोन्ही तुम्हीच वापरत असलात तरी.

टॅलीप्राइमची मोजणी तिसऱ्याच प्रकारची आहे. तिथे बिलांच्या संख्येला मर्यादा नाही. सिल्व्हर लायसन्स एका कॉम्प्युटरसाठी आहे आणि गोल्ड एकाच नेटवर्कवरच्या अनेक कॉम्प्युटरसाठी. सिल्व्हरमध्ये तुम्ही पाच नावे आणि पाच पासवर्ड बनवू शकता, पण काम त्या एकाच कॉम्प्युटरवर. थोरला भाऊ गल्ल्यावर बिल बनवत असताना भाभींना घरून त्याच हिशेबात नोंद करता येणार नाही. वर्षाला पंधरा-वीस हजार बिले असणाऱ्या, पण एकाच गल्ल्यावर चालणाऱ्या किराणा दुकानाला म्हणूनच टॅली सिल्व्हर परवडते. तीन ठिकाणांहून काम करणाऱ्या कुटुंबाला ती अडते.

युजर वाचवण्यासाठी सगळे जण एकच पासवर्ड वापरतात, ही सर्रास पद्धत आहे. यातले नुकसान लगेच दिसत नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक नोंदीपुढे कोणी केली, कोणी बदलली आणि कधी, हे लिहून ठेवते. सगळ्यांचे नाव एकच असेल तर ती नोंद निरुपयोगी. एखाद्या दिवशी गल्ल्यात ८०० रुपये कमी पडले आणि सॉफ्टवेअरमध्ये दुपारचे एक बिल रद्द झालेले दिसले, तर ते कोणी रद्द केले हे कधीच कळत नाही. मग संशय नोकरावर जातो किंवा भावावर, आणि घरात कडवटपणा येतो.

म्हणून निदान गल्ल्यावरच्या माणसाचे नाव वेगळे ठेवा आणि त्याचे अधिकार मर्यादित करा. त्याला बिल बनवता यावे, पण मागच्या तारखेचे बिल बदलता किंवा रद्द करता येऊ नये, आणि खरेदीचा भाव दिसू नये. प्लॅन निवडताना युजर किती हे विचारून थांबू नका, प्रत्येक युजरचे अधिकार वेगळे ठरवता येतात का हेही विचारा. खालच्या प्लॅनमध्ये ही सोय काही वेळा नसते.

एक गैरसमज इथेच दूर करू. ‘आता बदलांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर कायद्याने सक्तीचे आहे, म्हणून वरचा प्लॅन घ्यावाच लागेल’ असे काही विक्रेते सांगतात. १ एप्रिल २०२३ पासून ही सक्ती कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांवर आहे. एकट्याच्या नावावरचे दुकान किंवा भागीदारी पेढी यांच्यावर तो नियम नाही. नोंद असणे चांगलेच, पण सक्तीच्या भीतीने पैसे भरू नका.

तिसरी गोष्ट: बँक जोडणी

‘बँक कनेक्ट’ ही तक्त्यातली सर्वांत आकर्षक ओळ असते. तिच्या मागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली, तुम्ही नेटबँकिंगवरून स्टेटमेंटची एक्सेल फाईल उतरवता आणि सॉफ्टवेअरमध्ये चढवता. दुसरी, सॉफ्टवेअर बँकेच्या व्यवहारांची यादी आपोआप आणते. तिसरी, सॉफ्टवेअरमधूनच बँकेला पैसे पाठवायचा आदेश देता येतो. पहिली सोय बहुतेक प्लॅनमध्ये असते. दुसरी-तिसरी वरच्या प्लॅनमध्ये आणि ठराविक बँकांपुरती. टॅलीप्राइममध्येही थेट जोडणी २०२५ मध्ये आलेल्या ६.० आवृत्तीत मोजक्या बँकांसह सुरू झाली.

त्यामुळे आधी पाहायचे ते आपले चालू खाते कुठे आहे. ते मोठ्या खासगी किंवा सरकारी बँकेत असेल तर नाव यादीत असण्याची शक्यता जास्त. आपल्या भागात पुष्कळ व्यापाऱ्यांची खाती कल्याण जनता किंवा अंबरनाथ जय-हिंद अशा सहकारी बँकांत, नाहीतर पतपेढीत असतात. प्लॅन घेण्याआधी विक्रेत्याला यादीत बँकेचे नाव आणि ‘चालू खाते’ हा शब्द, दोन्ही दाखवायला सांगा. नाव नसेल तर आपोआप जोडणीसाठी जादा पैसे भरण्यात अर्थ नाही. महिन्यातून चारदा फाईल चढवणे पुरेसे आहे. मात्र फाईल चढवताना तारखा एकमेकींवर पडू देऊ नका. १ ते १० आणि मग ८ ते १५ अशी चढवली तर ८ ते १० चे व्यवहार दोनदा येऊ शकतात.

जोडणी असली तरी क्यूआरच्या पैशांत गोंधळ होतो, तो नीट समजून घ्या. आपल्या दुकानात एका दिवशी १९ गिऱ्हाइकांनी क्यूआरवर मिळून १४,३५० रुपये दिले. दुकानाचा क्यूआर एकत्रित जमा देणारा असेल तर दुसऱ्या दिवशी बँकेत १९ ओळी येत नाहीत, एकच ओळ येते. आणि ती १४,२२५ ची आहे. सॉफ्टवेअर या ओळीला जुळणारे बिल शोधते, एकही सापडत नाही. भाभी कंटाळून ती रक्कम ‘विक्री’ म्हणून टाकतात. आता १४,३५० ची विक्री बिलांतून आधीच आलेली आहे आणि त्यावर १४,२२५ ची पुन्हा आली. महिनाभर असेच झाले तर विक्री चार लाखांनी फुगते आणि तिच्यावर जीएसटी भरला जातो.

उपाय सोपा आहे. ‘क्यूआर येणे बाकी’ नावाचे एक खाते उघडा. दिवसभरात क्यूआरवर झालेल्या बिलांचे पैसे या खात्यात जमा दाखवा. दुसऱ्या दिवशी बँकेत आलेली ओळ विक्रीत टाकू नका, या खात्याशी जुळवा. १४,३५० मधून १४,२२५ गेले, १२५ उरले. क्यूआर कंपनीच्या ॲपमध्ये पाहिले तर ते साउंडबॉक्सचे महिन्याचे भाडे निघाले. ते खर्चात टाकले की खाते शून्यावर. रोज हे खाते शून्यावर आले तर हिशेब बरोबर. शून्यावर आले नाही तर कारण तीनपैकी एक असते: कापलेले भाडे किंवा शुल्क, परत केलेले पैसे, किंवा रात्री उशिराची विक्री दुसऱ्या दिवसाच्या जमेत जाणे.

बँकेच्या ओळींमध्ये तिमाहीला व्याजाचीही ओळ येते, विशेषतः बचत खाते जोडलेले असेल तर. सॉफ्टवेअर तिला ‘इतर उत्पन्न’ या गटात ढकलते. ज्या घरांत ही रक्कम वेगळी काढायची असते त्यांनी तिचे स्वतंत्र खाते उघडून नियम लावून ठेवावा, म्हणजे वर्षाच्या शेवटी नेमका आकडा हातात येतो. आयकराच्या विवरणात मात्र ती दाखवावीच लागते.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. आपोआप जोडणीला बँकेची परवानगी लागते आणि ती ठराविक मुदतीची असते. मुदत संपली की नव्या ओळी यायच्या थांबतात, आणि स्क्रीनवर जुनी शिल्लक तशीच दिसत राहते. म्हणून आठवड्यातून एकदा शेवटच्या ओळीची तारीख आणि पासबुकाची शिल्लक ताडून पाहा.

चौथी गोष्ट: सीएचा प्रवेश

बऱ्याच प्लॅनमध्ये सीएसाठी एक जागा युजरच्या संख्येबाहेर मिळते. झोहो बुक्सच्या फुकट प्लॅनमध्येही एक युजर आणि एक अकाउंटंट असे दोघे बसतात. तशी जागा नसेल तर तीन युजरच्या प्लॅनमधला एक सीएकडे जातो आणि आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाला दोनच उरतात. म्हणून ‘सीए मोजून की सीए सोडून?’ हा प्रश्न आधी विचारा.

सीएला प्रवेश नसेल तर काय होते ते टॅली वापरणाऱ्यांना ठाऊक आहे. दुकानातून पेन ड्राइव्हवर किंवा मेलवर बॅकअप जातो. सीएच्या ऑफिसात त्या प्रतीत घसारा, चुकलेल्या नोंदींची दुरुस्ती, देणी अशा वीस-पंचवीस नोंदी होतात. तोवर दुकानात दहा दिवसांची नवी बिले झालेली असतात. आता एकाच दुकानाचे दोन हिशेब आहेत आणि दोन्ही अपुरे. सीएची प्रत परत चढवली तर दहा दिवसांची बिले जातात, नाही चढवली तर दुरुस्त्या येत नाहीत. पुढच्या वर्षी सुरुवातीची शिल्लक ताळेबंदाशी जुळत नाही, ती या कारणाने. यावर उपाय असा की सीएने फक्त आपल्या नोंदींची यादी परत पाठवावी आणि त्या दुकानाच्या मूळ हिशेबात घालाव्यात. मूळ प्रत नेहमी दुकानाचीच.

ऑनलाइन प्रवेश असेल तर हा त्रास राहत नाही, पण अधिकार नेमके ठरवावे लागतात. सीएला सगळे पाहता यावे, दुरुस्तीच्या नोंदी करता याव्यात, जीएसटीचे अहवाल काढता यावेत आणि रिटर्न भरल्यावर तो महिना कुलूपबंद करता यावा. हे कुलूप फार उपयोगाचे. ते नसेल तर रिटर्न भरल्यावरही कोणी मागच्या महिन्याचे बिल बदलतो, आणि पोर्टलवरचा आकडा व दुकानातला आकडा वेगळा होतो. बँकेला पैसे पाठवण्याचा अधिकार आणि नेटबँकिंगचा पासवर्ड मात्र सीएला किंवा त्यांच्या ऑफिसातल्या मुलाला देण्याची काहीच गरज नाही.

सर्वांत मोठी चूक खाते उघडतानाच होते. दुकानदार म्हणतो, “साहेब, तुम्हीच बनवून द्या.” ऑफिसातला मुलगा आपल्या मेलवर आणि आपल्या नंबरवर खाते उघडतो आणि दुकानदाराला युजर म्हणून जोडतो. तीन वर्षांनी सीए बदलायचा झाला तर कळते की हिशेबाचा मालक आपण नाहीच. मूळ खाते दुकानाच्या मेलवर आणि दुकानाच्या नंबरवर असले पाहिजे. सीएला आपण बोलावायचे आणि गरज पडली तर आपणच काढायचे. जीएसटी पोर्टलवरचा मोबाईल नंबरही आपलाच आहे ना, हे त्याच वेळी पाहून घ्या.

मग या दुकानाने काय घ्यावे?

बिले ६,९४५, एका वर्षात दोन ईदी आल्या तर ७,४०५. माणसे तीन, तिन्ही वेगळ्या ठिकाणांहून. शिवाय सीए. ५,००० बिले आणि तीन युजरचा प्लॅन माणसांना पुरतो, बिलांना नाही. १०,००० बिले आणि पाच युजरचा प्लॅन दोन्ही बाजूंनी पुरतो. एका कॉम्प्युटरची टॅली बिलांना पुरते, पण भाभींना दुकानात येऊन काम करावे लागेल. रात्री तासभर दुकानात बसणे जमत असेल तर ते स्वस्त पडू शकते, कारण लायसन्स एकदाच घ्यायचे असते आणि पुढे अद्ययावत ठेवण्याचे वार्षिक शुल्क. नाहीतर १०,००० बिलांचा प्लॅन. खाते सहकारी बँकेत असेल तर बँक जोडणीच्या जोरावर त्याच्याही वर जाण्याची गरज नाही.

दुकान वेगळे असेल तर उत्तर वेगळे. विक्री २५ लाखांखाली, दिवसाला तीन बिले आणि एकटा मालक, असे शिवणकाम किंवा फर्निचरचे दुकान असेल तर फुकट प्लॅन पुरतो. दीड कोटीपेक्षा कमी उलाढालीच्या जीएसटीधारकांसाठी जीएसटी पोर्टलनेही २०१९ पासून काही कंपन्यांचे बिलिंग सॉफ्टवेअर फुकट उपलब्ध केले आहे, तेही पाहावे. किंमत ताडताना १८ टक्के जीएसटी धरायला विसरू नका. नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्याला तो वजावटीत मिळतो. कंपोझिशनमध्ये असलेल्याला मिळत नाही, त्याला किंमत तेवढी जास्तच पडते.

शेवटचा प्रश्न वर्गणी बंद केल्यानंतरचा. जीएसटी कायद्यानुसार त्या वर्षाचे वार्षिक रिटर्न भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब सांभाळावा लागतो. वर्गणी संपल्यावर जुनी बिले दिसतील का, किती दिवस दिसतील, आणि सगळी एक्सेल व पीडीएफमध्ये उतरवता येतील का, हे पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर काहीही असो, दर महिन्याचे रिटर्न भरले की त्या महिन्याची बिले, खातेवही आणि बँक ताळमेळ उतरवून दुकानाच्या कॉम्प्युटरवर आणि घरच्या पेन ड्राइव्हवर, अशा दोन ठिकाणी ठेवा. प्लॅन बदलेल, कंपनी बदलेल, सीएही बदलेल. चौकशी आली तर कागद दुकानदारालाच दाखवावे लागतात.